ग्राहकाचं कौतुक पोस्ट करण्याआधी किती हात लावावा?

भाजणीवाली_नाशिक
मी घरून थालीपिठाची भाजणी विकते. परवा एका ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज आला, जसाच्या तसा देते:

"ताई भाजणी मिळाली काल. थालिपिठ केल आज सकाळी. मुलांनी २ २ खाल्ली, सासूबाई पण चांगली म्हणाल्या त्या सहसा कशाला चांगल म्हणत नाहीत. धण्याचा वास मस्त येतो. मला थोडी जाडसर वाटली पण पाणी कोमट घेऊन २० मि भिजवल मग नीट झाल. पाकीट एका कोपर्‍यात फाटल होत बघा जरा. सासूबाईंना शुगर आहे त्यांना पण चालली. परत मागवीन बहुतेक."

इन्स्टाग्रामवर टाकायला मी तो असा केला:

"भाजणी अप्रतिम! मुलांनी आवडीने खाल्ली, सासूबाईही खूश. धण्याचा सुगंध घरभर दरवळला. मधुमेहींसाठीही उत्तम. पुन्हा नक्की मागवणार!"

धाकटी जाऊ म्हणाली, हे तुम्हीच लिहिल्यासारखं वाटतंय. मी खोटं काहीच घातलं नाही असं मला वाटतं. चुकलं का?

ब्रँडवाला_पुणे
काही चुकलं नाही ताई. मी छोट्या उद्योगांची सोशल मीडियाची कामं करतो. इन्स्टाग्रामवर बोट सरकवत जाणारा माणूस दोन ओळींपलीकडे वाचत नाही. पाकीट फाटलं, जाडसर वाटली, 'बहुतेक' मागवीन, हे सगळं तुम्ही पैसे खर्चून का दाखवायचं? त्या ताई समाधानी आहेत ना? मग मथितार्थ तोच राहिला. भाषा सुधारणं हे आपलं कामच आहे. फक्त 'अप्रतिम' काढा, तो शब्द फार वापरून झालाय.

स्क्रीनशॉटच_टाका
अजिबात हात लावू नका. सरळ स्क्रीनशॉट टाका. २०२२ पासून कायदा आहे, ग्राहकाच्या अभिप्रायातलं एक अक्षरही बदलता येत नाही, दहा लाख दंड आहे. शुद्धलेखन सुधारलंत तरी तो बदलच.

जुना_उपसंपादक
एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान मी बरीच वर्षं पाहिलं. तिथे आम्ही पत्रं रोज कापायचो आणि शुद्धलेखन तर प्रत्येक पत्राचं सुधारायचो. पण पत्रलेखकाच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही, हा नियम मोडला की साहेब पान परत पाठवायचे. तोच नियम इथे लावून बघू.

आधी कायद्याचं. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, ते खरं. दंडाची कमाल मर्यादाही पहिल्या वेळी दहा लाखच आहे. पण त्यात अक्षर बदलू नका असं नाही. शिफारस ही त्या माणसाचं खरं आणि सध्याचं मत असावी, त्याच्या अनुभवावर किंवा पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, एवढंच त्यात मागितलंय. 'भिजवल'चं 'भिजवलं' केलं तर मत बदलत नाही. 'बहुतेक'चं 'नक्की' केलं तर बदलतं.

आता ताई, तुमचे दोन मजकूर शेजारी ठेवून एकेक शब्द बघा. 'धण्याचा वास मस्त येतो' हे त्या बाईंचं बोलणं आहे. 'सुगंध घरभर दरवळला' हे तुमचं, कारण घरभर वास गेल्याचं त्यांनी म्हटलेलंच नाही. 'दोन-दोन खाल्ली' याचं तुम्ही 'आवडीने खाल्ली' केलंत. मुलांनी किती खाल्ली हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता, 'आवडीने' हा तुमचा निष्कर्ष झाला. उद्गारचिन्हं दोन घातलीत, मूळ मेसेजमध्ये एकही नाही. त्या बाई शांतपणे बोलतायत आणि तुम्ही त्यांना ओरडायला लावलंत. जाऊबाईंना खटकलं ते हेच असणार.

आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य मधुमेहाचं. 'सासूबाईंना शुगर आहे त्यांना पण चालली' हा एका घरातला एका सकाळचा अनुभव. 'मधुमेहींसाठीही उत्तम' हा सगळ्या मधुमेहींसाठीचा दावा, आणि तुमच्या पानावर आला की तो ग्राहकाचा राहत नाही, विकणाऱ्याचा होतो. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोगावर उपाय असल्यासारखा दावा चालत नाही. शिवाय कुणाच्या सासूबाईंचा आजार गावभर कशाला? हे वाक्य मूळ शब्दांतसुद्धा टाकू नका, पूर्ण गाळा.

मालवण_होमस्टे
आमच्याकडे हीच डोकेदुखी आहे. एकाने एक तारा दिला, म्हणे समुद्र दिसत नाही. आम्ही कधी समुद्र दिसतो म्हटलंच नव्हतं! असे अभिप्राय काढून टाकायला कुठे अर्ज करायचा, कुणाला माहीत आहे का?

जुना_उपसंपादक
दादा, तुमचा प्रश्न वाईट अभिप्राय हटवण्याचा आहे, इथे चांगला अभिप्राय सजवण्याचं चाललंय. त्या तक्रारीखाली शांतपणे उत्तर लिहा की खोलीतून समुद्र दिसत नाही, चालत इतकी मिनिटं लागतात. पुढच्या पाहुण्याला त्याचा उपयोग होईल.

साडीवेडी_ठाणे
मी दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगते, कारण माझे शब्द असेच कापले गेलेत. एका साडीवालीला मी लिहिलं होतं, "पोत फार सुंदर, नेसायला हलकी. पहिल्या धुण्यात रंग थोडा गेला, नंतर नाही गेला." तिने पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं उडवलं आणि माझ्या फोटोसकट टाकलं. विचारलंसुद्धा नाही. माझ्या मावसबहिणीने ते पाहून दोन साड्या घेतल्या, पहिल्यांदाच इतर कपड्यांबरोबर भिजवल्या आणि पांढरा कुर्ता लाल झाला. ती मला म्हणाली, "तू तर काहीच बोलली नाहीस रंगाचं." मी बोलले होते! पण तो मेसेज कोण बघणार? आजही ती माझ्या शिफारशीवर काही घेत नाही. साडीवालीने एकही खोटा शब्द घातला नव्हता हो. फक्त कात्री लावली.

ब्रँडवाला_पुणे
तुमच्या बाबतीत वाईट झालं, मान्य. पण रंग जाणं आणि भाजणी जाडसर वाटणं एका पारड्यात तोलू नका. आणि उपसंपादक साहेब, वर्तमानपत्राचं पान आणि जाहिरात यात फरक आहे. जाहिरातीत विक्रेता चांगलंच दाखवणार, हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं.

जुना_उपसंपादक
चांगलंच दाखवा, माझी ना नाही. दहा मेसेजेसमधला कुठला निवडायचा हा ताईंचा हक्क आहे. पण अवतरणचिन्ह लावलं की वाचणारा समजतो, हे दुसरं कुणीतरी बोलतंय, म्हणूनच तो विश्वास ठेवतो. तो विश्वास घ्यायचा असेल तर शब्दही त्यांचेच हवेत. स्वतःचे शब्द वापरायचे असतील तर अवतरणचिन्हाबाहेर हवं तेवढं लिहा.

स्क्रीनशॉटवाल्यांनाही सांगतो, स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसतो, फोटो दिसतो, आणि तो मध्येच कापला तर साडीसारखाच फसवतो.

मी हा मेसेज असा लावला असता:

"भाजणी मिळाली काल. थालीपीठ केलं आज सकाळी. मुलांनी दोन-दोन खाल्ली. धण्याचा वास मस्त येतो. मला थोडी जाडसर वाटली, पण पाणी कोमट घेऊन २० मिनिटं भिजवलं, मग नीट झालं. परत मागवीन बहुतेक."

अनुस्वार दिले, '२ २'चं 'दोन-दोन' केलं, 'मि'चं 'मिनिटं' केलं. 'केल'चं 'केले' नाही केलं, कारण त्या 'केलं' असंच बोलतात. सुरुवातीचं 'ताई' काढलं, सासूबाईंची दोन्ही वाक्यं काढली, पाकिटाचं काढलं. बाकी वाक्यांचा क्रम हलवला नाही. आणि हा मजकूर टाकण्याआधी त्यांना पाठवायचा: "असा टाकला तर चालेल का? नाव घालू की नको?" होकार आला की तो मेसेज जपून ठेवायचा.

भाजणीवाली_नाशिक
वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. एक गोष्ट आता लक्षात येतेय. मला सगळ्यात जास्त फोन 'थालीपिठाला तडे जातात' असे येतात. आणि त्याचं उत्तर त्या ताईंनी स्वतःच दिलं होतं, कोमट पाणी, २० मिनिटं. मी नेमकं तेच वाक्य काढून टाकलं, कारण त्यात 'जाडसर' होतं.

पण पाकिटाचं का काढलंत तुम्ही? ते तर माझ्याविरुद्धचं होतं. आणि सासूबाईंचं 'सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत' हे मला फार खरं वाटलं होतं.

जुना_उपसंपादक
पाकिटाचं वाक्य 'बघा जरा' असं आहे, म्हणजे ते तुम्हाला उद्देशून आहे, वाचणाऱ्यांना नाही. पण पाकिटं वारंवार फाटत असतील आणि तुम्ही ते लपवत असाल, तर माझं उत्तर बदलेल. सासूबाईंचं वाक्य सगळ्या मेसेजमधलं सर्वांत जिवंत आहे, हे मलाही दिसतं. पण सून खासगीत बोलली ते चारचौघांत आलं तर तिच्या घरात काय होईल, हे तुम्ही-आम्ही ठरवू शकत नाही.

साडीवेडी_ठाणे
पाकिटाच्या बाबतीत मला पटत नाही. माझ्या साडीवालीनेही 'रंगाचं मला सांगितलं, लोकांना नाही' असंच म्हटलं असतं.

स्क्रीनशॉटच_टाका
मला अजूनही वाटतं, एकदा अनुस्वार सुधारायला बसलं की हात तिथेच थांबत नाही. ताईंचंच बघा, त्यांनीही भाषा नीट करायलाच घेतली होती.

भाजणीवाली_नाशिक
त्या ताईंना मजकूर पाठवला. त्यांचं उत्तर: "हो टाका. सासूबाईंच नको, त्या इन्स्टावर आहेत. पाकिटाच टाकल तरी चालेल मला. 'बहुतेक' ठेवा, अजून एकदा बघून मग ठरवीन." नाव नको म्हणाल्या, 'नाशिकच्या एक ग्राहक' एवढंच लिहायला सांगितलं. पाकिटाचं मी टाकतेय, आणि खाली माझ्या नावाने लिहितेय की या महिन्यापासून जाड पिशवी वापरते.

एकच अडचण उरली. तडे जाण्याच्या फोनांमुळे मी गेल्या आठवड्यापासून गिरणीवाल्या काकांकडून भाजणी थोडी बारीक दळून घेते आहे. त्या ताईंकडे गेली ती जुनी, जाड. मग हा अभिप्राय आता टाकावा का?

जुना_उपसंपादक
वर 'सध्याचं मत' म्हटलं ते इथे लागू होतं. त्यांनी खाल्लेली भाजणी आणि तुम्ही आज विकता ती, एकच का, हा प्रश्न. खाली 'आता दळण बारीक केलं आहे' अशी ओळ टाकून चालेल असं मला वाटतं. पण खात्रीने सांगत नाही.

ब्रँडवाला_पुणे
मग 'जाडसर' तरी आता काढा. ते आता खरंच राहिलं नाही.

साडीवेडी_ठाणे
ते काढायचं तर धण्याचा वासही काढा दादा. तोही त्याच पाकिटातला. ताई, त्यांना नव्या दळणाचं पावशेर पाठवा आणि पुन्हा विचारा, फक्त ते पावशेर तुम्ही दिलं होतं हेही मग पोस्टमध्ये लिहा.