छज्जा वाजवून पाहिला

> किनाऱ्यावरचं घर, स्लॅब जुनी. सळई गंजलीय का, हे फोडल्याशिवाय कसं कळणार?

निवृत्तीनंतर परवा मालवणला गेलो, तेव्हा १९८६ साली मीच बांधलेल्या घरी मुद्दाम डोकावलो. दारात मूळ मालकांची सून. "या काका," म्हणाली. मी आधी छज्जा गाठला, खारी हवा तिथं पहिली लागते. सळईच्या रेषेत चीर नव्हती, तांबूस डागही नव्हता. मग लहान हातोडीनं वाजवत गेलो. गंजलेली सळई फुगते, खालचं काँक्रीट सुटतं आणि आवाज भद्द येतो. इथं टोकापर्यंत टणटणीत!

तेव्हा मालक किनाऱ्याची वाळू घ्या म्हणून अडून बसले होते, फुकटात मिळत होती. मी नदीची आणवली, तीही खाडीचं पाणी पोचत नाही तिथली. सळईखाली इंचभर काँक्रीटचं कव्हर राहावं म्हणून सिमेंटचे ठोकळे समोर उभं राहून लावून घेतले.

न्हाणीच्या छताला मात्र वीतभर जागी पोकळ आवाज आला. छातीत धस्स झालं. खरवडून पाहिलं, तर ओलीनं नुसता गिलावा सुटलेला. आत काँक्रीट घट्ट. नुकता सुरू झालेला गंज आवाजात कळत नाही, त्यामुळे शंका असेल तर सळईचा विद्युत दाब मोजून गंजाची शक्यता सांगणारी हाफ सेल चाचणी करून घ्या.

सून चहा घेऊन आली, तरी मी छताकडेच बघत होतो.