रिपोर्टिंगची तारीख वेगळी, कामाची वेगळी

"फेररचनेचं चार पानी परिपत्रक आलंय. धुळे डेपोच्या पोरांना थोडक्यात कसं सांगू?"

भाऊ, प्रत्येक पदापुढे आजचा साहेब, नवा साहेब आणि कामातला बदल लिही, पण तारखा दोन ठेव. आमच्या जळगावच्या कारखान्यात मी सगळ्यांना एकच १ एप्रिल लावली होती. मूळ कागदात डिस्पॅचवाल्यांचं रिपोर्टिंग १ एप्रिलपासून बदलत होतं, नवं काम मात्र १ मेपासून. माझा कागद वाचून पोरांनी जुनं काम महिनाभर आधीच सोडलं आणि गेटवर गाड्या भरायला माणूस उरला नाही. फार वाईट वाटलं.

"यथावकाश" लिहिलं असेल तिथे अंदाजाने तारीख घालू नकोस. "तारीख दिलेली नाही" असंच लिही आणि एचआरला विचार. या दोन तारखांमधल्या काळात रजा कोणता साहेब मंजूर करणार, तेही त्यांच्याकडून लेखी घे.