‘पाऊल’ आणि ‘ढांग’: लांबी नेमकी कुठून कुठे मोजायची?

प्रश्न (परभणी): माझ्या मनगटी यंत्रात ‘ढांगेची लांबी’ भरावी लागते. उंचीवरून हिशोब करून मी ६५ सेंटिमीटर भरले, तर ८,००० पावलांचे अंतर २.६ किलोमीटर दिसते. रस्ता मात्र पाच किलोमीटरच्या वर आहे. ढांग आणि पाऊल यांत फरक आहे का?

निवृत्त शिक्षक, बीड: ढांग म्हणजे लांब पाऊल. आपल्याकडे ‘ढांगा टाकत गेला’ म्हणतात ते याच अर्थाने. त्यामुळे आकडा थोडा वाढवून पाहावा.

क्रीडाशिक्षक, नांदेड: गुरुजी, बोलीतला अर्थ आपण सांगता तोच आहे, परंतु चाल मोजताना उजवी टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या अंतराला ढांग म्हटले, तर तिच्यात दोन पावले येतात. प्राचीन रोमन लोकांचा ‘पासुस’ही असाच दोन पावलांचा होता आणि तसे हजार पासुस म्हणजे त्यांचा मैल. ताईंचे यंत्र ८,००० पावलांच्या ४,००० ढांगा करून त्यांना ०.६५ ने गुणते, म्हणून अंतर निम्मे दिसते.

तरीही उंचीवरून काढलेला आकडा हा अंदाजच असतो. ४०० मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतल्या मार्गिकेतून, आतल्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतर राखून, नेहमीच्या चालीने दोन फेऱ्या माराव्यात. दुसऱ्या मार्गिकेत फेरीमागे सात मीटर वाढतात. रेषेच्या थोडे आधीपासून चालत यावे, म्हणजे चाल स्थिर झालेली असते, आणि फक्त उजवे पाऊल मनात मोजावे. समजा ८०० मीटरांत ते ६१५ वेळा पडले, तर ढांग १.३० मीटर आणि पाऊल ६५ सेंटिमीटर. त्याच वेळी यंत्राने १,२३० च्या आसपास पावले दाखवली पाहिजेत. ती बरीच कमी दिसली, तर दोष मोजणीत आहे. लांबी वाढवून तो केवळ झाकला जाईल.

वाचक, लातूर: आम्ही दिंडीबरोबर तुळजापूरला पायी जातो, तेव्हा माझा मोबाइल रस्त्यापेक्षा जास्तच अंतर दाखवतो. तोही ढांगच मोजत असेल का?

क्रीडाशिक्षक, नांदेड: तसे असते तर अंतर दुपटीच्या किंवा निमपटीच्या फरकाने चुकले असते. गर्दीत पाऊल आखडते. एरवीचे ६५ सेंटिमीटरचे पाऊल तिथे ५६ वर आले, तर ८,००० पावलांत ५.२ ऐवजी जेमतेम साडेचार किलोमीटर होतात. दिंडीच्या संथ चालीने वेगळ्या फेऱ्या मारून ती लांबी स्वतंत्र नोंदवावी.

प्रश्नकर्ती, परभणी: १.३० भरल्यावर अंतर रस्त्याशी जुळले, सर. मैदानावरची मोजणी रविवारी करीन.

निवृत्त शिक्षक, बीड: हिशोब पटला, शब्द पटला नाही. दोन पावलांना ‘ढांग’ म्हटले की वाचणारा एकच लांब पाऊल समजणार. मी ‘जोडपाऊल’ सुचवतो.

क्रीडाशिक्षक, नांदेड: जोडपाऊल म्हटल्यावर माझी मुले दोन्ही पाय जुळवून उभी राहतील, गुरुजी. मैदानावर मी तूर्त ‘उजव्या ते उजव्या’ असेच सांगतो.