५ तारीख, रविवार आणि बाउन्स झालेला हप्ता

म्युनिकहून:
मंडळी, जुळे सोलापूरच्या फ्लॅटचं ३० लाखांचं कर्ज आहे. दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २६,०३५. दर ५ तारखेला एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्यातून जातो. या वेळी शुक्रवारी संध्याकाळी इथून पैसे पाठवले, ५ तारीख नेमकी रविवारी आली आणि हप्ता बाउन्स. पैसे सोमवारी आले, तेही २५,७००च. आता काय करू?

शारजाहून:
रविवारी हप्ता कापूच शकत नाहीत हो, सुट्टी आली की दुसऱ्या दिवशी जातो. शाखेत कुणाला तरी पाठवून खडसवा, दंड परत देतील.

सिंगापूरहून:
दादा, पूर्वी तसंच होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे हप्ता आपोआप कापणारी यंत्रणा, सुट्टीच्या दिवशीही चालते. परदेशातून निघालेले पैसे मात्र शनिवार-रविवारी वाटेतच बसून राहतात. खोच तिथे आहे.

दुसरं, ते ३३५ रुपये. मधल्या बँकेनं आपलं शुल्क कापून घेतलं असणार. नॅच अर्धामुर्धा हप्ता घेत नाही, त्यामुळे पैसे शुक्रवारीच पोचले असते तरी बाउन्स झालाच असता. पाठवताना शुल्काच्या रकान्यात `OUR` निवडा, म्हणजे ते तुमच्याकडून वेगळं घेतलं जातं.

आता आधी ३३५ भरून काढा आणि शाखेला मेल करून विचारा: हप्ता पुन्हा लावणार का? 'हो' म्हणाले तर पैसे खात्यात राहू द्या, हातानं भरू नका. दोन्ही केलं तर हप्ता दोनदा जातो, मग जादा रक्कम परत मिळवायला खेटे. 'नाही' म्हणाले तर थेट कर्जखात्यात भरा आणि पोच मेलवर घ्या. पुढे खात्यात ५५,००० कायम पडून असू द्या, दोन हप्ते निघतील.

डलासहून:
माझा विजापूर रोडचा फ्लॅट भाड्यानं दिलाय. भाडं एनआरईत घेऊन हप्ता भरला तर?

सिंगापूरहून:
ताई, विषय वेगळा आहे, पण भाडं एनआरओत, म्हणजे भारतातल्या कमाईच्या खात्यात घ्या आणि हप्ताही तिथूनच लावा. कमी पडेल तेवढंच एनआरईतून तिकडे वळवा, ते सहज होतं. उलट नेताना सीएची कागदपत्रं मागे लागतात. आणि हो, घरमालक परदेशात असला की भाडेकरूनं टीडीएस कापायचा असतो. सोलापुरात हे भाडेकरूला समजावून सांगणं हेच मोठं काम!

म्युनिकहून:
हप्ता बाबांच्या खात्यावरच लावला तर?

सिंगापूरहून:
जवळच्या नातेवाइकानं आपल्या भारतातल्या खात्यातून फेडलेलं नियमात बसतं. पण त्यांच्या पेन्शनच्या खात्यावर हे ओझं टाकू नका असं माझं मत.

शारजाहून:
२०२१चं मला खरंच माहीत नव्हतं. पण दंड माफ करा म्हणून अर्ज द्याच, मागायला काय जातंय?

म्युनिकहून:
शाखेचं उत्तर आलं, गुरुवारी पुन्हा लावणार आहेत. सिबिलवर डाग पडेल का विचारलं, तर म्हणाले, "बघू."