मदत हवी आहे: सॉनिक बूम बाजूला किती लांबपर्यंत ऐकू येईल?

आमच्या विज्ञान मंडळासाठी कोल्हापूरच्या नकाशावर एक काल्पनिक उदाहरण मांडतोय. विमान रंकाळ्यावरून सरळ पूर्वेकडे, जमिनीपासून 10 किमी उंचीवर, मॅक 1.5 ने जातंय. वारा नाही, वेग कायम.

तिथे ध्वनीचा वेग 300 मी/से धरला, म्हणजे विमान 450 मी/से. sin θ = 1/1.5 वरून विमानामागच्या धक्कालहरीच्या शंकूचा अर्धकोन 41.8° आला. हवा सगळीकडे सारखी मानली, तर रंकाळ्यावर धडाका ऐकू येईल तेव्हा विमान 11.2 किमी पुढे, म्हणजे डोक्यावरून गेल्यानंतर 25 सेकंदांनी.

पण खाली हवा गरम, तिथे 345 मी/से. प्रत्येक थरात sin θ = c/450 घेतलं, तर जमिनीजवळ कोन 50° होतो, आघाडी उभी होत जाते आणि अंतर 9.7 किमीवर येतं. हे पटतंय.

अडलंय ते बाजूला. सारख्या हवेत शंकू जमिनीला हायपरबोलात छेदतो, त्याला कडच नाही. प्रत्यक्षात किरण वर वळतात, म्हणून धडाका ऐकू येणाऱ्या पट्ट्याला कड असणारच. कागलच्या लोकांना ऐकू येईल का, हे मुलं विचारणारच!

कडेचा किरण जमिनीला नेमका स्पर्श करतो, ही अट धरून वेग 345 पासून 300 पर्यंत एकसारखा घटतो असं मानलं, तर पट्ट्याची अर्धी रुंदी हाताने कशी काढायची?