शब्दचर्चा: ‘आर-सिलेक्शन’ आणि ‘के-सिलेक्शन’ मराठीत कसं म्हणावं?

भाषांतरवाली
जीवशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात आर-सिलेक्शन आणि के-सिलेक्शन अशी जोडी आहे. उंदीर, टोळ, तण हे पहिल्या गटात. हत्ती, देवमासा, वड हे दुसऱ्या गटात. मी ‘बहुप्रसवी निवड’ आणि ‘अल्पप्रसवी निवड’ असं केलं, आणि ‘लाइफ हिस्टरी स्ट्रॅटेजी’ला ‘जीवन-रणनीती’. संपादकांना पहिले दोन पटले, ‘रणनीती’ खटकली. याहून बरं काही सुचतं का?

उंबरठा
बहुप्रसवी छानच. बोलीतलं हवं असेल तर ‘उधळे’ आणि ‘जपणारे’. पहिला हजार पिल्लं टाकून नशिबावर सोडतो, दुसरा एकालाच वाढवतो. आर म्हणजे रिप्रॉडक्शन, त्यामुळे ‘प्रसव’ शब्द आलाच पाहिजे.

कुंपणापलीकडे
आर म्हणजे रिप्रॉडक्शन नाही. इथूनच गडबड सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही दोन अक्षरं संख्यावाढीच्या जुन्या समीकरणातली आहेत. ते फेरहुल्स्टने 1838 मध्ये मांडलं. आज पाठ्यपुस्तकांत ते असं दिसतं:

```
dN/dt = rN(1 - N/K)
```

यातला N म्हणजे त्या घडीची संख्या, आणि छोटा r म्हणजे अडथळा नसताना ती किती वेगाने वाढेल तो दर. त्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही आले. मोठा K म्हणजे त्या जागेत जास्तीत जास्त किती जीव टिकतील ती मर्यादा, आपण धारणक्षमता म्हणतो ती. मॅकार्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये ‘आर-निवड’ आणि ‘के-निवड’ हे शब्द वापरले, ते बेटांवरच्या वसाहतींबद्दल लिहिताना. त्यांचा प्रश्न साधा होता: बेट मोकळं असताना कोण जिंकतं, आणि भरल्यावर कोण?

आकडे घालून पाहा. एकाच जातीत दोन वाण आहेत. अ वाणाचा r आहे 1 आणि K 500. ब वाणाचा r अर्धा, म्हणजे 0.5, पण K 1000. दोन्ही मिळून संख्या 50 असेल तर अ चा दरडोई वाढदर 0.9 आणि ब चा 0.475. अ सहज पुढे. संख्या 450 झाली की अ चा दर 0.1 उरतो, ब चा 0.275. आता ब पुढे. साधारण 333 वर दोघं समसमान येतात. म्हणजे वारंवार उजाड होऊन पुन्हा भरणाऱ्या जागेत अ टिकेल, कायम गच्च भरलेल्या जागेत ब.

आता या हिशोबात अंडी किती, आयुष्य किती, पिल्लांची काळजी कोण घेतो, यातलं काही आलं का? नाही. समीकरणात वय हा घटकच नाही, आजचं पिल्लू आणि म्हातारी मादी त्यात सारखीच मोजली जातात. म्हणून ‘बहुप्रसवी’ हा अनुवाद नाही, ते एक अनुमान आहे, आणि नेमकं त्याच अनुमानावर टीका झाली. माझी सूचना: ‘विरळीतली निवड’ आणि ‘दाटीतली निवड’. विरळणी शेतकऱ्याला माहीत आहे, दाटी सगळ्यांनाच.

उंबरठा
मान्य, आर चुकलं. पण मग अंडी-आयुष्य-आकार ही यादी आली कुठून? आम्हाला कॉलेजात दोन रकान्यांचा तक्ताच पाठ करायला होता.

कुंपणापलीकडे
तो तक्ता पियान्काचा, 1970 चा. डावीकडे बदलतं हवामान, लवकर वयात येणं, लहान अंग, एकदाच भरपूर पिल्लं, अल्पायुष्य. उजवीकडे सगळं उलटं. शंभर टक्के आर किंवा शंभर टक्के के असा जीव नसतो, मधली उतरंड असते, हे त्याने स्वतः लिहिलं होतं. पण उतरंड परीक्षेत विचारता येत नाही, रकाने विचारता येतात.

त्या तक्त्याचं गृहीतक असं की हे सगळे गुण एकत्र गुंफलेले येतात आणि त्यांचं कारण दाटी-विरळी. तिथे तो फसतो. भाषांतरवाली, तुमच्या यादीतला वडच घ्या. शेकडो वर्षं जगतो, अंगाने अवाढव्य, म्हणून उजवीकडे. पण बिया मोहरीपेक्षा बारीक, असंख्य, आणि त्यांना कोणी जपत नाही, म्हणून डावीकडे. कोकण किनाऱ्यावर वेळासला येणारं ऑलिव्ह रिडले कासव तसंच. एका घरट्यात शंभरेक अंडी घालून मादी परत समुद्रात, पुढची काळजी शून्य. पण वयात यायला तिला बरीच वर्षं लागतात आणि पुढेही ती दीर्घकाळ अंडी घालत राहते. अर्धे गुण या रकान्यात, अर्धे त्या.

असं का होतं याचं एक उत्तर मर्फीने 1968 मध्ये माशांच्या संदर्भात दिलं. पिल्लांचं जगणं बेभरवशाचं असेल, एखादं वर्ष बरं आणि पाच वर्षं वाया, तर एकाच हंगामात सगळं ओतणं धोक्याचं. आपण दीर्घकाळ टिकून दरवर्षी थोडं थोडं पेरणं बरं. म्हणजे अनिश्चित परिस्थितीतून दीर्घायुष्य! तक्ता नेमकं उलटं सांगतो. मरण मोठ्यांवर येतं की पिल्लांवर, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

काचेची पेटी
माझ्याकडे गप्पी आहेत. महिन्या-सव्वा महिन्याने मादी पिल्लं देते, त्यामुळे हा पक्का आर-वाला. पण टाकीत गर्दी झाली की वाढ खुंटते आणि पिल्लंही कमी होतात. म्हणजे दाटीत तो के-वाला झाला, असं म्हणायचं का? पाणी किती दिवसांनी बदलावं हेही सांगा.

पाणवठा
पाण्याचं राहू द्या, पण गप्पीचं नाव निघालं ते बरं झालं, या वादातला सर्वात चांगला दाखला तोच आहे.

आधी तुमचा प्रश्न. गर्दीत वाढ खुंटणं ही त्याच माशाची परिस्थितीला दिलेली प्रतिक्रिया. निवड म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या आनुवंशिक गुण बदलणं. दोन्ही बाहेरून सारखं दिसू शकतं. वेगळं ओळखायचं तर दोन ठिकाणचे मासे आणून सारख्या टाकीत, सारख्या खाद्यावर दोन पिढ्या वाढवायचे. तरीही फरक उरला तर तो आनुवंशिक.

रेझनिक आणि एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पींवर हेच केलं. धबधब्याखाली क्रेनिसिक्ला हा मोठा शिकारी मासा असतो. धबधब्यावर तो पोचत नाही, तिथे फक्त रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा, तो खाल्लीच तर पिल्लं खातो. खालचे गप्पी लवकर वयात येतात, एका वेताला जास्त आणि लहान पिल्लं देतात. वरचे उशिरा, थोडी आणि मोठी. एंडलरने 1976 मध्ये अरिपो नदीतले खालचे गप्पी वर, जिथे गप्पी नव्हतेच अशा भागात सोडले. 11 वर्षांत, म्हणजे 30 ते 60 पिढ्यांत, त्यांचे वंशज वरच्यांसारखे उशिरा वयात येणारे आणि मोठी पिल्लं देणारे झाले होते. 1990 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि सगळे म्हणाले, बघा, दाटी नव्हे, शिकारी मोठ्यांना खातो की पिल्लांना, यावर सगळं ठरतं.

म्हणून ‘कुंपणापलीकडे’ यांच्या ‘दाटीतली निवड’ला माझा अर्धा विरोध आहे. गप्पीतला फरक तक्त्याशी हुबेहूब जुळतो, पण कारण दाटी नाही. वाचक आर-के म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तक्ताच असतो. तुम्ही त्याला दाटी हा शब्द दिलात, तर तो प्रत्येक लवकर वयात येणाऱ्या जिवाला विरळीतला समजेल.

कुंपणापलीकडे
पण गप्पीची गोष्ट तिथे संपली नाही ना. 1996 मध्ये खुणा करून सोडलेले मासे पुन्हा पकडून मोजले, तेव्हा खालच्या ओढ्यांत सगळ्याच आकाराच्या माशांचा मृत्युदर जास्त निघाला, फक्त मोठ्यांचा नाही. मृत्यू सर्व वयांत सारखाच वाढला आणि दाटीचा काही परिणाम नसेल, तर लवकर वयात येण्याकडे निवड झुकत नाही, असं गणित सांगतं. मग उरतं काय? वर शिकारी नाही, म्हणून गप्पींची दाटी, म्हणून प्रत्येकाला अन्न कमी. दारातून हाकललेली दाटी खिडकीतून परत आली. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी 2002 च्या लेखात साधारण हेच मान्य केलं: वयानुसार मृत्यू मोजणारी नवी मांडणी बरोबर, पण दाटी, अन्न आणि चढउतार हे जुने प्रश्न तिने बाजूला टाकले होते.

पाणवठा
मान्य. तरी दाटीने तक्त्यातला उजवा रकाना मिळतो असं नाही. म्युलर आणि आयाला यांनी फळमाश्यांचे काही गट विरळ आणि काही गट दाट बरण्यांत काही पिढ्या वाढवले आणि 1981 मध्ये निष्कर्ष दिला: दाटीतल्या माश्या दाटीत सरस, विरळीतल्या विरळीत सरस. तुमचा अ आणि ब प्रत्यक्षात दिसला. पण दाटीतल्या अळ्या ‘काटकसरी’ झाल्या होत्या का? उलट, त्या भराभर खायला लागल्या आणि अन्नाचा उपयोग मात्र जास्त चांगला करत नव्हत्या. पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात फळमाश्यांच्या दुसऱ्या जातींवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा स्पर्धेत त्या सरस झाल्या, पण खाण्याचा वेग न वाढवता. म्हणजे दाटी तीच, वाटा निराळ्या.

उंबरठा
म्हणजे ‘जपणारे’ पण गेलं! बरं, उंदीर आणि हत्ती तरी वेगळे आहेत ना?

पाणवठा
आहेत, पण त्यातला बराच फरक नुसत्या आकाराचा. मोठं अंग घडायला वेळ लागतो, म्हणून वयात येणं लांबतं, वेतं कमी होतात. सस्तन प्राण्यांत आकाराचा परिणाम वजा केल्यावरही लवकर वाढून लवकर मरणारे आणि सावकाश वाढून खूप जगणारे अशी एक रांग उरते. तिला हल्ली आर-के न म्हणता नुसतं वेगावरून नाव देतात. मराठीत ‘झटपट-संथ’ म्हणता येईल. त्यात कारणाचा दावा नाही, हीच सोय.

भाषांतरवाली
मग असं करू का? 1967 च्या संकल्पनेला ‘विरळीतली’ आणि ‘दाटीतली निवड’, पियान्काच्या तक्त्याला ‘आर-के तक्ता’, आणि नव्या रांगेला ‘झटपट-संथ’. स्ट्रॅटेजीचं काय?

कुंपणापलीकडे
‘रणनीती’ नको, कासव काही बेत आखत नाही. ‘जीवनक्रमाची घडण’ म्हणा. अक्षरं लिहिताना मात्र एक सांभाळा. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं आणि मोठ्या आरने दाखवायचं माप वेगळं आहे, दर पिढीला संख्या किती पट होते ते. पहिल्या उल्लेखाला ‘छोटा आर’ लिहा.

पाणवठा
तीन नावं अनुवादात चालतील, शब्दकोशात नाही. कोशाने वापर नोंदवायचा असतो, आणि वापरात अजून दोन रकानेच आहेत.

भाषांतरवाली
वड काढून टाकते, किंवा तळटीप देते. टोळ राहू दे ना?

कुंपणापलीकडे
‘दाटी’ शब्दाशेजारी नको. दाटी झाली की टोळाचा रंग, वागणं, थवा करणं सगळं पालटतं, जनुकं तीच असूनही. गप्पीच्या टाकीतला घोटाळा वाचक पुन्हा करेल.