मदत हवी आहे: बबल नकाशात मुंबई एवढी अक्राळविक्राळ का दिसतेय?

भूगोलसर_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, पायथन हौसेपुरतं येतं. भूगोल दिनाच्या भित्तिपत्रकासाठी राज्याचा नकाशा करतोय. २०११ च्या जनगणनेतली महानगरपालिकांची लोकसंख्या, प्रत्येक शहरावर तेवढा बबल. आकडे लाखांत: मुंबई १२४.४२, पुणे ३१.२४, नागपूर २४.०६, नाशिक १४.८६, कोल्हापूर ५.४९. प्लॉटलीत मुख्य ओळ अशी लिहिली:

```python
marker=dict(size=df["lakh"]/2)
```

दोनने भागलं ते फक्त मुंबईचं वर्तुळ पानात मावावं म्हणून. कच्ची प्रत वर्गात लावली आणि आकडे झाकून विचारलं, "मुंबई पुण्याच्या किती पट?" बहुतेक पोरं म्हणाली दहा-बारा पट. खरं उत्तर जेमतेम चार पट! मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आपलं कोल्हापूर कुठंय? तिथं माशी बसलीय नुसती." आकडे दोनदा तपासले, बरोबर आहेत. मग चुकतंय कुठं?

अस्सल_पुणेकर

सर, क्षेत्रफळाचं म्हणाल तर २०२१ मध्ये २३ गावं आत आल्यावर पुणे महापालिका मुंबईपेक्षा मोठी झाली. तुमचा नकाशा जुना असणार. आधी हद्दी तपासा.

भूगोलसर_कोल्हापूर

शहराच्या क्षेत्रफळाचा प्रश्न नाही हो, वर्तुळं लोकसंख्येची आहेत. पण २३ गावांची आठवण दिलीत ते बरं, दुसऱ्या तासाला उपयोगी पडेल.

पायथनपंत

नेहमीची चूक. तुम्ही व्यास लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवलाय, आणि डोळा बघतो सगळं रंगवलेलं वर्तुळ. व्यास चौपट झाला की रंग सोळापट लागतो. वर्गमूळ घ्या, `np.sqrt(df["lakh"])`. कुठलीही लायब्ररी असो, वर्गमूळ घेतलं की काम झालं.

वैशाली_नि

माझंही असंच झालं होतं, पण एक्सेलमध्ये. ऑफिसच्या अहवालात आमच्या शाखेचा बबल बारकासा दिसत होता आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं काम काय दिसत नाही ब्वा." नंतर बबलवर राइट क्लिक करून Format Data Series उघडलं, तर Size represents खाली कुणीतरी Width of bubbles निवडून ठेवलेलं. Area of bubbles केल्यावर आमची शाखा माणसांत आली. एक्सेल आपणहून Area च धरतं, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बदललं होतं. कुणी ते मला ठाऊक आहे, असो.

भूगोलसर_कोल्हापूर

पंत, वर्गमूळ घेतलं. शोधताना `sizemode="area"` असाही पर्याय दिसला, म्हटलं तोही लावू, दुधात साखर. आता उलटंच झालंय. छापून पट्टीने मोजलं: मुंबई ४२ मिमी, पुणे ३०, कोल्हापूर १९. अभिमान वाटला, पण कोल्हापूर मुंबईच्या निम्म्याला आलंय हे मलाच पटत नाही.

नकाशावाला

सर, वर्गमूळ दोनदा निघालं. `sizemode="area"` सांगितलं की प्लॉटली स्वतःच वर्गमूळ काढते. तुम्ही आधीच काढलेल्या वर्गमुळाचं तिने पुन्हा काढलं, म्हणून सगळी शहरं एकमेकांच्या जवळ आली. पंतांचा सल्ला तुमच्या मूळ ओळीला अगदी बरोबर होता, कारण `graph_objects` मध्ये काही न सांगितल्यास `sizemode` हा `diameter` असतो. पण "कुठलीही लायब्ररी" हे खरं नाही. मॅटप्लॉटलिबच्या `scatter` मधला `s` मुळातच क्षेत्रफळाच्या हिशोबाने चालतो, तिथे वर्गमूळ घेतलंत तर हाच घोटाळा. दोन्हींपैकी एकच ठेवा:

```python
marker=dict(size=df["lakh"], sizemode="area",
            sizeref=2*124.42/62**2)
```

इथे ६२ म्हणजे सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास, पिक्सेलमध्ये. तुमच्या जुन्या ओळीतही मुंबई ६२ चीच होती, पण पुणे १५.६ आणि कोल्हापूर २.७. आता मुंबई तेवढीच राहून पुणे ३१ आणि कोल्हापूर १३ होईल.

तुमची पट्टी मात्र सोडू नका, लायब्ररी कुठलीही असो, खरी परीक्षा तीच. मुंबई पुण्याच्या जवळपास बरोबर चार पट आहे, हे नशीबच समजा. व्यास दुप्पट भरला तर नकाशा बरोबर. चौपट भरला तर व्यासच आकड्याच्या प्रमाणात गेलाय. दीडपटीच्याही आत आला तर वर्गमूळ दोनदा. तुमचे ४२ आणि ३० बघा.

पायथनपंत

मॅटप्लॉटलिबचं मान्य. मी त्यात `s` ला वर्गमूळ देऊन दोन-तीन आलेख छापूनही मोकळा झालोय, आता ते उघडायची हिंमत नाही. पण सर, वर्तुळं हवीतच कशाला? साधे स्तंभ काढा, लांबी कुणालाही कळते.

भूगोलसर_कोल्हापूर

स्तंभालेख पोरांनी वहीत काढलाय. इथे कुठलं शहर कुठं आहे तेही दाखवायचंय, म्हणून नकाशा.

नकाशावाले, जमलं! पट्टीवर ४२, २१ आणि कोल्हापूर ९ मिमी. पण दुसऱ्या तुकडीला तोच प्रश्न विचारला, तर बरीच पोरं "तिप्पट" म्हणाली. आता तर वर्तुळं बरोबर आहेत ना?

नकाशावाला

वर्तुळं बरोबर आहेत, डोळा थोडा कमी मोजतो. पहिल्या तुकडीकडे परत बघा. त्यांच्यासमोर रंग सोळापट होता, तरी पोरं दहा-बारा म्हणाली. हेच जेम्स फ्लॅनरी या नकाशाशास्त्रज्ञाने अभ्यासलं होतं. मोठं वर्तुळ लोकांना असतं त्यापेक्षा लहान वाटतं, आणि त्याच्या हिशोबाने प्रत्यक्ष गुणोत्तराचा साधारण ०.८७ घात घेतला की लोकांचा अंदाज मिळतो. सोळाचे अकरा होतात, चाराचे सव्वातीन. तुमच्या दोन्ही तुकड्या त्याच्या जवळपासच आल्या.

त्याने १९७१ मध्ये उपायही सुचवला: वर्गमुळाच्या ०.५ ऐवजी साधारण ०.५७ घात घ्यायचा, म्हणजे मोठी वर्तुळं जरा जास्त फुगतात. मुंबईचा व्यास पुण्याच्या दुपटीऐवजी २.२ पट होईल. मी स्वतः ते करत नाही. ज्याच्या हातात पट्टी आहे त्याला नकाशा खोटा ठरतो, आणि प्रत्येकाचा डोळा सारखा चुकत नाही. त्यापेक्षा कोपऱ्यात १००, २५ आणि ५ लाखांची तीन वर्तुळं एकात एक, तळाशी टेकवून, आकड्यांसह द्या. बघणारा त्यांच्याशी ताडून बघतो.

वैशाली_नि

मला नाही पटत. भित्तिपत्रकाजवळ पट्टी घेऊन कोण जातं? लांबून बघणाऱ्याला चार पट वाटायला हवं असेल तर फुगवलेलं काय वाईट? तळाशी बारीक टीप टाका.

नकाशावाला

ताई, बारीक टीप तुमच्या साहेबांनी वाचली असती का?

भूगोलसर_कोल्हापूर

दोन्ही छापून दोन वेगळ्या तुकड्यांना दाखवतो, मग ठरवू. तोवर एक अडचण सांगा. प्लॉटली आकारांची सूची आपोआप देत नाही, म्हणून ती तीन वर्तुळं वेगळ्या ट्रेसमध्ये काढली. `sizeref` मध्ये त्या ट्रेसचा कमाल आकडा, म्हणजे १०० घातला. आता सूचीतलं १०० लाखांचं वर्तुळ १२४ लाखांच्या मुंबईएवढंच येतंय.

पायथनपंत

दोन्हीकडे एकच `sizeref` हवा, मुंबईवरून काढलेला. हे मात्र मी नक्की सांगू शकतो, कारण मागच्याच आठवड्यात केलंय.

भूगोलसर_कोल्हापूर

झालं. सूचीतलं १०० चं वर्तुळ आता ३७.५ मिमी भरतंय, मुंबईपेक्षा लहान. ती तीन वर्तुळं तळाशी टेकवून कशी बसवायची ते कुणी केलंय का? माझी अजून केंद्रावरच येतायत.